वॉर्डातून पेशंट न सांगता गेला तर : शोध कसा घ्यायचा, रिपोर्ट कसा लिहायचा

मराठवाड्यातल्या एखाद्या शासकीय रुग्णालयात तुम्ही नुकत्याच स्टाफ नर्स म्हणून रुजू झाला असाल, तर हा प्रसंग आज ना उद्या तुमच्या ड्युटीत येणारच. बेड रिकामा आहे, सलाईनची नळी लोंबकळते आहे आणि पेशंट कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नाही. शिकताना आपण पेशंटची काळजी कशी घ्यायची ते शिकतो, पण पेशंटच जागेवर नसेल तेव्हा काय करायचं हे नीट कुणी शिकवत नाही. मी पुरुष मेडिसिन वॉर्डात बरीच वर्षं काम केलं आहे. तिथली एक घटना घेऊन सगळी पद्धत सांगते. पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय, बेड नंबर आणि वेळा बदलल्या आहेत, क्रम मात्र तसाच आहे.

पेशंट चाळिशीतला शेतमजूर. पोटदुखी आणि उलट्यांसाठी भरती झालेला. रोज दारू पिणारा, आणि भरती झाल्यापासून दारू बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचे हात थरथरत होते, घाम फुटला होता आणि तो चादरीचं टोक दोरीसारखं ओढत राहिला होता. सकाळच्या सिस्टरला म्हणाला, "बैलं सोडायची राह्यलीत, दावणीला हायेत अजून." रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की साधारण दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. नाडी वाढते, ताप येतो, समोर नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. असा माणूस स्वतः ठरवून घरी निघालेला नसतो. तो आजारामुळे निघालेला असतो.

हाताशी काय लागेल

- इनडोअर पेपर, त्यातल्या नर्सिंग नोट्स आणि टीपीआर चार्ट
- औषधांचा चार्ट, शेवटचा डोस किती वाजता दिला त्या नोंदीसह
- वॉर्डचं रिपोर्ट बुक आणि सेन्सस रजिस्टर
- भरतीच्या वेळी लिहून घेतलेला पत्ता आणि नातेवाइकांचे नंबर
- एमएलसी असेल तर तिचा नंबर
- एक कोरा कागद आणि पेन

या यादीत कोऱ्या कागदाचं महत्त्व मोठं आहे. जे घडतं ते घडेल तसं, वेळेसह त्यावर उतरवत जा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या वेळा कधीच जुळत नाहीत.

1. बेड रिकामा दिसला की आधी वेळ लिहा

आमच्याकडे दुपारी 2 वाजता ओव्हर सुरू झाली. बेडजवळ जाऊन ओव्हर देता देता 2 वाजून 20 मिनिटांनी आम्ही 17 नंबरला पोचलो, तेव्हा पेशंट नव्हता. पहिली नोंद हीच : "2.20 वाजता रुग्ण बेडवर नसल्याचे लक्षात आले." ही लक्षात आल्याची वेळ झाली. तो गेल्याची वेळ वेगळी असते, आणि या दोन वेळा एकत्र केल्या की पुढचा सगळा रिपोर्ट डळमळीत होतो.

वेळ लिहून झाली की बेडला हात न लावता नीट पाहा. आमच्या पेशंटची सलाईन अर्धी बाकी होती, नळी उघडी होती आणि खाली फरशीवर पाणी साचलं होतं. कॅन्युला कुठेच पडलेली नव्हती, म्हणजे ती हातातच होती. खुंटीवरचा सदरा गायब होता, पण चपला बेडखालीच होत्या. ऐन दुपारी अनवाणी निघालेला माणूस बस धरून गावी गेला असेल, ही शक्यता कमीच. शोध जवळपास घ्यायचा हे आम्हाला चपलांनीच सांगितलं. मावशींनी सवयीने चादर बदलून, फरशी पुसून बेड आवरला असता तर हे काहीच कळलं नसतं. म्हणून बेड आवरू नका आणि त्या दिवशी तरी नवीन पेशंटला देऊ नका. खाटा कमी असतात, कॅज्युअल्टीतून फोनवर फोन येतात हे मला माहीत आहे. तरीही वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी नोंद केल्याशिवाय बेड रिकामा दाखवू नका.

2. पहिली दहा मिनिटं वॉर्डात

दोघींनी दोन दिशा धराव्यात, आणि एक जण वॉर्डातच राहावी, कारण बाकीचे पेशंटही आहेत. सगळ्यात आधी संडास-बाथरूम पाहा. बाहेरून हाक मारून परत फिरू नका. कडी आतून लागलेली असेल आणि उत्तर येत नसेल तर दार उघडवा. पेशंट "पळाला" म्हणून बाहेर शोधाशोध चालू असते आणि तो आत चक्कर येऊन पडलेला असतो, असं होतं.

मग व्हरांडा, जिना, गच्चीचं दार, बाजूचा वॉर्ड. एक्स-रे, सोनोग्राफी आणि लॅबला फोन करून विचारा की कुणी त्याला तपासणीला तर नेलं नाही ना. कधी वॉर्डातले मामा स्ट्रेचरवर घेऊन गेलेले असतात आणि सिस्टरला सांगायचं राहून जातं. कँटीन, बाहेरची चहाची टपरी, मेडिकल आणि नातेवाइकांची झोपायची जागा सुरक्षा रक्षकाला बघायला सांगा. आवारात पाण्याची टाकी किंवा चालू बांधकाम असेल तर तिथे रक्षक स्वतः जाऊन आला का, हे विचारा. "पाहिलं, नाही" एवढ्यावर थांबू नका. कोण गेलं आणि किती वाजता गेलं, हे कोऱ्या कागदावर आलं पाहिजे.

3. शेवटचा कधी दिसला, हे ठरवणं

रिपोर्टमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण घाईत कुणीतरी सांगतं आणि आपण ते लिहून टाकतो. आमच्या घटनेत शेजारच्या बेडवरचे बाबा म्हणाले, "एक वाजताच गेला की." मावशी म्हणाल्या की ताटं उचलताना त्यांनी त्याला बेडच्या कडेला बसलेलं पाहिलं. पेशंटची बायको म्हणाली की ती जेवण आणायला गेली तेव्हा तो झोपलेला होता.

वॉर्डातल्या माणसांना घड्याळ विचारू नका, घटना विचारा. बाबांना मी विचारलं, "जेवणाची गाडी येऊन गेल्यावर गेला की आधी?" ते म्हणाले, "गाडी गेल्यावर. तुम्ही समद्या सिस्टर टेबलापाशी जमला व्हता." आम्ही जमलो ते ओव्हरसाठी, म्हणजे 2 नंतर. एक वाजता हा त्यांचा नुसता अंदाज होता. मावशींनी ताटं उचलायला सुरुवात केली ती पावणेदोनला, 17 नंबरपाशी त्या सुरुवात केल्यावर पाचेक मिनिटांनी पोचल्या. बायको दीडच्या पुढे बाहेर पडली. असं लावत गेलं की वेळा आपोआप जागेवर बसतात.

यानंतर कॅमेरा. सुरक्षा कक्षात जाऊन रेकॉर्डिंग पाहायला सांगा, पण त्याआधी स्क्रीनवरची वेळ आपल्या मोबाईलच्या वेळेशी ताडून घ्या. आमच्याकडे मोबाईलवर 2.45 वाजले होते तेव्हा स्क्रीनवर 2.54 होते. कॅमेरा 9 मिनिटं पुढे होता. त्यामुळे व्हरांड्यात तो 2.14 ला दिसला याचा अर्थ खरी वेळ 2.05, आणि मागच्या गेटमधून 2.21 ला बाहेर पडला म्हणजे 2.12. हा फरक धरला नसता तर बेड रिकामा दिसल्यानंतर तो गेटबाहेर पडला असा अर्थ निघाला असता, आणि 2.20 ला लक्षात येऊनही तुम्ही त्याला जाऊ दिलं का, असा प्रश्न आला असता. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती त्याच दिवशी लेखी द्या.

रिपोर्टमध्ये या वेळा वेगवेगळ्याच लिहा : कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष पाहिल्याची, कॅमेऱ्यात दिसल्याची आणि बेडवर नसल्याचं लक्षात आल्याची. तिन्हींची मिळून एकच "अंदाजे 2 वाजता" करू नका.

इथेच एक सापळा आहे आणि तो फार महाग पडतो. काही ठिकाणी 2 वाजताची नाडी, ताप आणि औषधाची सही आधीच चार्टवर भरून ठेवायची सवय असते. आमच्या पेशंटच्या चार्टवर 2 ची नाडी लिहिलेली असती, तर 1.50 नंतर कर्मचाऱ्यांपैकी कुणीच त्याला पाहिलं नाही हे सत्य आणि चार्ट यांची गाठ कशी घातली असती? एक खोटी नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. दिलं तेव्हाच लिहा, पाहिलं तेव्हाच लिहा. ड्युटी संपायला पाच मिनिटं राहिली असतील तरीही.

4. कोणाला आणि कधी कळवायचं

वॉर्डातला पहिला शोध संपेपर्यंत थांबू नका. शोध चालू असतानाच वॉर्ड इन्चार्ज आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांच्याकडून निवासी वैद्यकीय अधिकारी, अधिसेविका आणि वैद्यकीय अधीक्षकांपर्यंत निरोप जातो. प्रत्येक फोनची वेळ आणि समोर बोललेल्या व्यक्तीचं पद लिहा.

डॉक्टरांना फोनवर "17 नंबर सापडत नाही" एवढंच सांगून भागत नाही. धोका कोणता तेही सांगा. मी सांगितलं ते असं : "दारू बंद होऊन तिसरा दिवस, साडेबाराला नाडी 112, असंबद्ध बोलत होता, हातात कॅन्युला आहे, अनवाणी आहे." यावरून डॉक्टरांनी पोलिसांना लगेच कळवायचं ठरवलं.

पोलिसांना कळवायला चोवीस तास थांबावं लागतं असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भ्रमात असलेला, विष घेतलेला, नुकतं ऑपरेशन झालेला, जीव देण्याचं बोललेला, लहान मूल आणि एमएलसी केस, यांच्याबाबत अजिबात वाट पाहायची नाही. पोलीस पहाऱ्यातला पेशंट असेल तर पहाऱ्यावरच्या शिपायाला त्याच क्षणी सांगा.

विष घेतलेल्या पेशंटबद्दल थोडं जास्त सांगते, कारण फवारणीचं औषध पिऊन आलेले पेशंट आपल्या भागात नेहमी येतात. पहिल्या दिवशी उपचार मिळाले की माणसाला बरं वाटायला लागतं, नातेवाईकही "आता चांगला बोलतोय" म्हणून घरी न्यायच्या विचारात असतात. पण काही कीटकनाशकांमध्ये 1 ते 4 दिवसांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक कमजोर पडतात. उशीवरून मान उचलता येईनाशी होते आणि नंतर श्वास थांबू शकतो. असा पेशंट चालत बाहेर पडला असेल तरी तो बरा झालेला नाही. नातेवाइकांचा फोन लागला की हे त्यांना स्पष्ट सांगा आणि लगेच परत आणायला सांगा. दूर असतील तर 108 ला फोन करून जवळच्या दवाखान्यात न्यायला सांगा.

पोलिसांना सूचना लेखी जाते आणि ती वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने जाते. रुग्णालयात पोलीस चौकी असेल तर तिथे, नसेल तर हद्दीतल्या ठाण्यात. तातडी असेल तर आधी 112 वर फोन आणि मागोमाग कागद. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका : वेळ, सही आणि कागद घेणाऱ्याचा बक्कल नंबर. पोच नसलेला कागद दिला की नाही, यावरच नंतर वाद होतो.

5. आवाराबाहेरचा शोध

वॉर्ड सोडून शोधायला आपण जायचं नाही. आपलं काम शोधणाऱ्यांना उपयोगी माहिती देणं. अंगावर काय होतं, उंची-बांधा, हातात कॅन्युला कोणत्या बाजूला, तो काय बोलत होता, पैसे आणि मोबाईल बरोबर होता का.

नातेवाइकांच्या नंबरवर फोन करा. भरतीच्या वेळी दिलेला नंबर बऱ्याचदा बंद लागतो किंवा तो नंबर पेशंटचा स्वतःचाच असतो. अशा वेळी गावच्या पोलीस पाटलांचा किंवा आशाताईंचा नंबर फार कामाला येतो. पोलीस ठाण्यातून पाटलांचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून आशाताईंचा नंबर मिळतो. फोनवर आजाराचा तपशील सांगत बसू नका. घरी पोचला का, पोचला तर लगेच कळवा, एवढं पुरतं.

आमच्या घटनेत उपयोगी पडली ती साडेबाराची नर्सिंग नोट. सकाळच्या सिस्टरने नुसतं "असंबद्ध बोलतो" असं लिहिलं नव्हतं, तर बैल सोडायचे राहिले असं म्हणतो, हेही लिहिलं होतं. मागच्या गेटबाहेर दोन रस्ते फुटतात, एक स्टँडकडे आणि दुसरा मोंढ्याकडे. मोंढ्यात माल घेऊन आलेल्या बैलगाड्या उभ्या असतात. रक्षक आणि चौकीतला शिपाई आधी तिकडे गेले. 3.50 ला तो मोंढ्यात एका गाडीच्या बैलापाशी बसलेला सापडला, कासऱ्याची गाठ सोडत. पायाला फोड आले होते, कॅन्युला हातात तशीच होती आणि तिथून थोडं रक्त येत होतं.

म्हणून पेशंट भ्रमात बोलत असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहीत जा. आणि अशी नोंद सकाळी झालेली असेल तर पुढचं पाऊल तिथेच उचला : डॉक्टरांना कळवा, बेड टेबलाजवळ घ्या, नातेवाइकांना सांगा की जेवण आणायला जाताना सिस्टरला सांगून जायचं. आमच्याकडे डॉक्टरांना कळवलं होतं, औषधही दिलं होतं. बेड मात्र तिथेच, दाराजवळ राहिला.

6. रिपोर्ट

रिपोर्ट वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे, अधिसेविकांमार्फत जातो. रुग्णालयाचा ठरलेला नमुना असेल तर तोच वापरा. नसेल तर असा लिहिता येईल :

> विषय : पुरुष मेडिसिन वॉर्ड, बेड क्र. 17 येथील रुग्ण न कळवता वॉर्डाबाहेर गेल्याबाबत.
>
> रुग्णाचे नाव, वय, आयपीडी क्रमांक, भरतीची तारीख, निदान : (इनडोअर पेपरप्रमाणे)
>
> 12.30 : नाडी 112, हातांना कंप, घाम. "बैलं सोडायची राह्यलीत" असे बोलत होता. ड्युटी डॉक्टरांना कळविले. 12.45 : आदेशानुसार औषध दिले.
>
> 1.35 (पत्नीच्या सांगण्यानुसार) : पत्नी जेवण आणण्यासाठी बाहेर गेली. रुग्ण झोपलेला होता.
>
> 1.50 : कक्षसेविकेने रुग्णाला बेडच्या कडेला बसलेले पाहिले. कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष पाहिल्याची ही शेवटची वेळ.
>
> 2.05 : व्हरांड्यातील कॅमेऱ्यात एकटा चालत जाताना दिसतो. 2.12 : मागील गेटमधून बाहेर. (कॅमेऱ्याचे घड्याळ 9 मिनिटे पुढे आहे. येथे दुरुस्त वेळा दिल्या आहेत.)
>
> 2.20 : ओव्हर घेताना रुग्ण बेडवर नसल्याचे लक्षात आले. चपला बेडखाली, सलाईन अर्धी शिल्लक, कॅन्युला आढळली नाही.
>
> 2.22 : वॉर्ड इन्चार्ज यांना, 2.25 : ड्युटी डॉक्टर व सुरक्षा कक्षास कळविले.
>
> 2.22 ते 2.40 : वॉर्ड, बाथरूम, जिना, गच्ची, एक्स-रे विभाग, कँटीन येथे शोध घेतला. आढळला नाही. (शोध घेणाऱ्यांची नावे)
>
> 2.50 : पत्नी वॉर्डात परतली, तिला माहिती दिली. 3.00 : पोलीस चौकीस लेखी सूचना दिली, पोच जोडली आहे.

वाचताना लक्षात येईल की यात "पळून गेला" असं कुठेही नाही, "निष्काळजीपणामुळे" नाही आणि "नातेवाइकांनी लक्ष दिले नाही" असंही नाही. का गेला आणि चूक कोणाची, हे चौकशी करणारे ठरवतील. तुम्ही पाहिलं, ऐकलं आणि केलं तेवढंच लिहा. ऐकलेलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा. खाडाखोड झालीच तर एक रेघ मारून बाजूला सही आणि वेळ टाका, व्हाइटनर लावू नका. आणि पेशंट गेल्यावर नातेवाइकांकडून "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे" अशा कागदावर सही घेऊ नका. डामा म्हणजे डॉक्टरांनी धोका समजावून सांगितल्यावर केलेली सही. आधीच निघून गेलेल्या माणसासाठी तो कागद करणं म्हणजे खोटा दस्तऐवज.

7. सापडल्यावर, किंवा न सापडल्यावर

सापडला तर त्याला रागावू नका आणि कुणाला रागावू देऊ नका. डॉक्टरांना बोलवा. नाडी, बीपी, ताप, रक्तातली साखर, डोक्याला मार, पायाच्या जखमा आणि कॅन्युलाची जागा तपासून पुन्हा नोंद करा. आमच्या पेशंटची कॅन्युला काढून नवी लावली, औषधाचा डोस डॉक्टरांनी बदलला आणि बेड टेबलासमोर घेतला. परत आणल्याची वेळ आणि कोणी आणलं हे रिपोर्टला जोडा, आणि पोलिसांना दिलेली सूचना मागे घेण्याचं पत्रही त्याच दिवशी पाठवा. नाहीतर बेडवर झोपलेल्या माणसाचा शोध कागदावर चालूच राहतो.

शुद्धीवर असलेला सज्ञान पेशंट घरी सापडला आणि परत यायला तयार नसेल, तर त्याला जबरदस्तीने आणता येत नाही. तेव्हा फोनवर त्याच्याशीच बोला, फक्त भावाशी किंवा मुलाशी नाही. कॅन्युला हातात असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती काढून घ्यायला सांगा, कोणती औषधं चालू होती ते सांगा आणि काय झालं तर लगेच यायचं तेही सांगा. हे बोलणं वेळेसह नोंदवा.

सापडला नाही तर त्याचं सामान दोन साक्षीदारांसमोर मोजून यादी करा, पिशवी बांधून इन्चार्जच्या ताब्यात द्या. सेन्ससमध्ये त्याची नोंद डॉक्टरांच्या लेखी शेऱ्यानंतरच बदला. आणि प्रत्येक ओव्हरमध्ये 17 नंबरचं नाव घ्या : शेवटचा फोन कोणाला झाला, पोलिसांकडून काय कळलं, पुढचा फोन कोण करणार. नातेवाईक रात्री दोन वाजता वॉर्डात येऊन विचारतील तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टरला हे सगळं रिपोर्ट बुकात सापडलं पाहिजे.